स्मॅड४ नसतानाही स्मॅड२ वर फॉस्फेट बसते, मग तुटते नेमके काय? टीजीएफ-बीटाच्या दोन भूमिकांविषयी

अन्वया_क

स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दोन सेल लाइनवर मी टीजीएफ-बीटाचा परिणाम तपासते आहे. हाती आलेले निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून हा धागा काढला आहे. पॅन्क-१ मध्ये स्मॅड४ शाबूत आहे, तर बीएक्सपीसी-३ मध्ये त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती नाहीशा झालेल्या आहेत. दोन्हींना मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम टीजीएफ-बीटा१ देऊन ४५ मिनिटांनी वेस्टर्न ब्लॉट केला, तेव्हा फॉस्फेट बसलेल्या स्मॅड२ ची पट्टी दोन्हींत ठळक आली. स्मॅड४ नसलेल्या पेशीत हा मार्ग बंद असेल अशी माझी अपेक्षा होती.

पुढचा गोंधळ पॅन्क-१ चा आहे. दोन दिवसांनी तिच्या पेशी लांबट झाल्या, एकमेकींपासून सुटल्या आणि ई-कॅडहेरिन घटले, म्हणजे टीजीएफ-बीटाचा परिणाम झाला हे नक्की. पण पेशींची संख्या टीजीएफ-बीटा न दिलेल्या ताटलीइतकीच भरली. टीजीएफ-बीटा अस्तरपेशींचे विभाजन थांबवतो आणि म्हणून तो अर्बुदरोधक आहे असे आपण शिकतो. मग स्मॅड४ असूनही ते इथे का थांबले नाही, आणि स्मॅड४ गेल्यावर नेमके काय तुटते व काय चालू राहते, हे मला समजून घ्यायचे आहे.

विवेक७

याचे उत्तर टप्प्यात आहे. आजाराच्या सुरुवातीला टीजीएफ-बीटा पेशींना रोखतो आणि रोग पुढे गेला की तोच पेशींना पसरायला मदत करतो. तुमच्या दोन्ही सेल लाइन पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांपासून आलेल्या असल्यामुळे तिथे रोखण्याचा परिणाम दिसणारच नाही. स्मॅड४ गेले की स्मॅडचा मार्ग संपतो आणि टीजीएफ-बीटा एमएपी कायनेज, पीआय३ कायनेज अशा इतर मार्गांनी काम करू लागतो, हेही यात धरायला हवे. उंदरांवरचा १९९६ चा प्रयोग याला साक्ष आहे. त्वचेच्या पेशींत टीजीएफ-बीटा१ जास्त तयार होईल अशी सोय केली, तेव्हा रसायनांमुळे होणाऱ्या साध्या गाठी कमी झाल्या, पण ज्या झाल्या त्यांचे घातक कर्करोगात रूपांतर अधिक प्रमाणात झाले.

सुधन्वा

विवेक, तो प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात, आणि रेणू तोच असूनही परिणाम उलटतो हे त्यातून स्पष्ट होते. मात्र ‘टप्पा’ हे झाल्या गोष्टीचे वर्णन आहे, तिचे कारण नव्हे. पेशीला आपला टप्पा ठाऊक नसतो. तिच्या केंद्रकात त्या क्षणी कोणती प्रथिने हजर आहेत आणि कोणती जनुके शिल्लक आहेत, एवढ्यावरच सगळे ठरते. अन्वयाताईंचे दोन्ही निकाल याच दृष्टीने पाहावेत असे मला वाटते.

आधी ब्लॉटच्या पट्टीविषयी. टीजीएफ-बीटा प्रथम दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरला चिकटतो. हा रिसेप्टर स्वतः कायम जागा असलेला कायनेज आहे. तो पहिल्या प्रकारच्या रिसेप्टरला जवळ ओढून त्याच्यावर फॉस्फेट बसवतो, आणि अशा रीतीने जागा झालेला पहिला रिसेप्टर स्मॅड२ व स्मॅड३ यांच्या शेपटीतल्या शेवटच्या दोन सेरीनवर फॉस्फेट बसवतो. तुमची अँटिबॉडी हीच शेपटी ओळखते. इथपर्यंतच्या कामात स्मॅड४ कुठेही लागत नाही. त्याची गाठ पडते ती यानंतर, जेव्हा फॉस्फेट बसलेले दोन स्मॅड आणि एक स्मॅड४ मिळून त्रिकूट तयार होते. म्हणून बीएक्सपीसी-३ मधली पट्टी अपेक्षित आहे आणि ती एवढेच सांगते की रिसेप्टर काम करत आहेत. पट्टी आली नसती तर रिसेप्टरवर संशय घ्यावा लागला असता. डीएनएतल्या जुळणीच्या चुका दुरुस्त न होणाऱ्या आतड्याच्या कर्करोगात तसेच घडते. दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरच्या जनुकात सलग दहा ॲडेनीन आहेत, त्यांतला एखाददुसरा गळतो, वाचनाची चौकट सरकते आणि रिसेप्टर अर्धवट राहतो. हे १९९५ मध्येच दाखवले गेले आहे.

आता केंद्रकातले. स्मॅड३ आणि स्मॅड४ डीएनएवर जी खूण ओळखतात ती जेमतेम चार अक्षरांची आहे, जीटीसीटी. चार अक्षरांची कोणतीही खूण एका धाग्यावर निव्वळ योगायोगाने सरासरी दर २५६ अक्षरांमागे एकदा येणारच, शिवाय स्मॅडची तिच्यावरची पकडही सैल असते. त्यामुळे कोणत्या जनुकावर बसायचे हे स्मॅड एकटे ठरवू शकत नाहीत, शेजारी बसणारे दुसरे प्रथिन त्यांना तिथे थोपवून धरते. अस्तरपेशीत फॉक्सओ प्रथिनांच्या सोबतीने स्मॅड पी२१ चे जनुक चालू करतात. ई२एफ४ आणि पी१०७ यांच्या सोबतीने तेच स्मॅड मिक बंद करतात. मिक हटले की पी१५ वाढायला वाट मिळते, आणि पी१५ व पी२१ मिळून पेशीचक्र थांबवतात. ज्या पेशीत हे सोबती नाहीत किंवा ही जनुकेच नाहीत, तिथे स्मॅड केंद्रकात पोचूनही विभाजन थांबणार नाही.

पॅन्क-१ मध्ये गुणसूत्र ९ वरचे पी१६ चे जनुक उडालेले आहे. पी१५ चे जनुक त्याला लागूनच असते आणि असा तुकडा गळताना पुष्कळदा तेही सोबत जाते. तुमच्याकडच्या पेशींत ते उरले आहे की नाही हे डीएनएवर साधा पीसीआर करून आधी पाहा. ते नसेल तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मिळाले. अशा पेशीत संदेश शाबूत असतो, त्याचा विभाजन थांबवणारा हात तेवढा कापला गेलेला असतो आणि पेशीचा आकार बदलणारा हात चालू राहतो. कर्करोगाला हवे ते नेमके हेच.

मृण्मयी_द

विषयाला सोडून होत असेल तर क्षमा असावी. माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आहे आणि यकृतातल्या गाठीच्या तपासणीच्या अहवालात ‘डीपीसी४ नाहीसे’ असे लिहिले आहे. शोधल्यावर ते स्मॅड४ च असल्याचे कळले. हे आनुवंशिक असते का? आम्हा भावंडांनी तपासणी करून घ्यावी का? आणि टीजीएफ-बीटा रोखणारे औषध त्यांना उपयोगी पडेल का?

काचपट्टी

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न विषयाला धरूनच आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि असे अहवाल लिहिणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे आधी त्या ओळीचा अर्थ सांगते. ‘डीपीसी४’ हे स्मॅड४ चे जुने नाव. स्वादुपिंडाच्या कर्करोगात गुणसूत्र १८ चा एक तुकडा वारंवार गळालेला दिसत होता, आणि त्याचा माग काढताना १९९६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील गटाला हे जनुक सापडले. या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ते निकामी झालेले असते. जवळपास नेहमीच हा बदल गाठीच्या पेशींत आयुष्यभराच्या ओघात घडलेला असतो, जन्मतः मिळालेला नसतो. तोही उशिरा घडतो. कर्करोगाआधीच्या सौम्य बदलांमध्ये स्मॅड४ टिकून असते आणि सर्वांत पुढच्या, कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या अवस्थेत ते जाऊ लागते.

अहवालात ते नोंदवण्याचे मुख्य कारण निदानाचे असते. यकृतातली गाठ मुळात कुठून आली हे ठरवताना स्मॅड४ चा अभाव स्वादुपिंडाकडे बोट दाखवतो, कारण इतर बहुतेक अवयवांच्या कर्करोगांत तो पुष्कळच कमी आढळतो. जन्मजात सदोष स्मॅड४ चा आजार वेगळा आहे. त्यात लहान वयापासून आतड्यात अनेक पॉलिप होतात आणि काही कुटुंबांत नाकातून वारंवार रक्त येते, रक्तवाहिन्यांतही दोष असतात. भावंडांचे म्हणाल तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची आनुवंशिक तपासणी करावी अशी शिफारस आता आहे, पण ती प्रामुख्याने बीआरसीए२ सारख्या जनुकांसाठी आणि आधी रुग्णाची स्वतःची. तिच्या निकालावर तुमचे ठरेल. वडिलांच्या कर्करोगतज्ज्ञांना हे आवर्जून विचारा.

काचेवर हे कसे दिसते तेही सांगते, कारण अन्वयाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. डाग तपकिरी असतो. कर्करोगाच्या ग्रंथींची केंद्रके निळीच राहतात, तपकिरी होत नाहीत. पण त्यांच्या अगदी अंगाला लागून असलेल्या तंतुपेशींची आणि लिंफोसाइटची केंद्रके गडद तपकिरी असतात. ती तशी नसतील तर डागच बसलेला नाही असे समजून मी परीक्षा पुन्हा करते. म्हणजे ‘गाठीत स्मॅड४ नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा ते फक्त कर्करोगाच्या पेशींतून गेलेले असते. स्वादुपिंडाच्या गाठीचा मोठा भाग भोवतालच्या तंतुमय ऊतीचा असतो, आणि त्या ऊतीतल्या पेशी टीजीएफ-बीटाला पूर्ण प्रतिसाद देत असतात.

विवेक७

मग औषधाचा मुद्दा उलट बळकट होतो. कर्करोगाच्या पेशीत रोखणारा हात मेलेला आहे आणि भोवतालच्या पेशी टीजीएफ-बीटाच्या जोरावर कर्करोगाला साथ देत आहेत. अशा वेळी टीजीएफ-बीटा बंद केल्याने नुकसान काय होणार?

सुधन्वा

तर्क योग्य दिशेचा आहे आणि याच तर्काने औषधे तयार झाली. पण औषध फक्त गाठीत जात नाही. पहिल्या रिसेप्टरचा कायनेज रोखणाऱ्या रेणूंमुळे प्राण्यांच्या हृदयाच्या झडपांना इजा झाल्याचे दिसले. म्हणून गॅलुनिसर्टिब रुग्णांना देताना १४ दिवस औषध आणि १४ दिवस खंड असे वेळापत्रक ठेवावे लागले. टीजीएफ-बीटाला पकडणारी फ्रेसोलिमुमॅब ही अँटिबॉडी दिलेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर केराटोॲकँथोमा या गाठी उगवल्या. निरोगी त्वचेत टीजीएफ-बीटा रोज पेशींना आवरून धरतो याचा माणसांतला इतका थेट पुरावा मला दुसरा माहीत नाही. टीजीएफ-बीटा आणि पीडी-एल१ दोन्ही एकदम अडवणारे बिंट्राफस्प अल्फा २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा सरस ठरण्याची शक्यता दिसेना, म्हणून ती चाचणी थांबवली गेली. मृण्मयीताई, म्हणून आज असे औषध नेहमीच्या उपचारांत नाही. चाचणीत सहभागी होता येईल का, एवढेच विचारता येईल.

आता स्मॅड४ गेल्यावर काय चालू राहते याकडे येतो. विवेक म्हणतात तसे इतर मार्ग आहेत, पण ‘स्मॅडचा मार्ग संपला आणि दुसरा सुरू झाला’ एवढे ते सरळ नाही. जोआन मासागे यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदराच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींवर केलेले काम इथे फार उपयोगाचे आहे. त्या पेशींत क्रास सदोष होते आणि स्मॅड४ नव्हते. त्यांना टीजीएफ-बीटा दिला तर त्या वाढत राहिल्या. स्मॅड४ परत घातले आणि मग टीजीएफ-बीटा दिला, तेव्हा पेशींनी आधी अस्तरपेशीचे रूप टाकले, म्हणजे ज्याला आपण कर्करोगाच्या फैलावाची पायरी मानतो तीच ईएमटी झाली, आणि त्यानंतर त्या मेल्या.

यामागची साखळी अशी. टीजीएफ-बीटाने सॉक्स४ हे प्रथिन वाढते, आणि ते स्मॅड४ असो वा नसो, दोन्ही वेळा वाढते. अस्तरपेशीत सॉक्स४ ला केएलएफ५ ची जोड मिळते आणि दोघे मिळून गाठ वाढवतात. स्मॅड४ असेल तर टीजीएफ-बीटाने स्नेलही वाढते आणि स्नेल केएलएफ५ ला दाबून टाकते. आता सॉक्स४ आहे पण जोडीदार नाही, आणि एकटे पडलेले सॉक्स४ पेशीमृत्यूच्या जनुकांकडे वळते. स्मॅड४ गेले की स्नेल वाढत नाही, केएलएफ५ टिकून राहते आणि तोच टीजीएफ-बीटा त्याच सॉक्स४ मार्फत वाढीला हातभार लावतो. कर्करोगाने इथे संदेश बंद केलेला नाही. त्यातला मृत्यूकडे नेणारा फाटा काढून टाकून बाकीचा राखला आहे.

प्रथमेश_ल

हे काम मी वाचले आहे आणि माझी एक रास्त शंका आहे. ते उंदराच्या पेशींवरचे आहे. अन्वयाच्या पॅन्क-१ मध्ये स्मॅड४ आहे, क्रास सदोष आहे, टीजीएफ-बीटाने ईएमटीही होते आहे, पण पेशी मरत नाहीत. नियम इतका स्वच्छ असता तर त्या मरायला हव्या होत्या. शिवाय सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठींत स्मॅड४ शाबूत असूनही कर्करोग वाढतोच. त्या पेशी या सापळ्यातून कशा सुटतात?

सुधन्वा

शंका अगदी योग्य आहे आणि तिचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तरी पॅन्क-१ विषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मृत्यू ओढवतो तो अस्तरपेशीचे रूप एकाएकी टाकल्यावर, केएलएफ५ वर विसंबलेल्या पेशीत. पॅन्क-१ मुळातच अर्धवट ईएमटी झालेली, ढिली सेल लाइन आहे. तिने केएलएफ५ चा आधार केव्हाच सोडला असेल तर तिला गमावण्यासारखे काही उरलेलेच नाही. हा माझा तर्क आहे. टीजीएफ-बीटा देण्याआधीची केएलएफ५ ची पातळी मोजली की तो टिकतो की पडतो ते कळेल.

सदोष क्रास असलेल्या पेशींत स्नेल इतके का वाढते याचे उत्तर मात्र २०२० मध्ये मिळाले. रासच्या मार्गातल्या एमएपी कायनेजने आरआरईबी१ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट बसते आणि ते स्मॅडना थेट स्नेलच्या जनुकावर आणून बसवते. विवेक, तुमचा एमएपी कायनेजचा मुद्दा इथे बसतो. तो स्मॅडना पर्याय म्हणून येत नाही, त्यांना जागा दाखवायला येतो.

अन्वया_क

आता चित्र बरेच उलगडले. एक बाब राहिली होती. बीएक्सपीसी-३ मध्ये टीजीएफ-बीटा न दिलेल्या पट्टीतही थोडे फॉस्फेट बसलेले दिसते. पेशी १० टक्के सीरममध्ये होत्या. आणि पुढची पायरी म्हणून पॅन्क-१ व बीएक्सपीसी-३ यांची थेट तुलना पुरेशी आहे का?

सुधन्वा

सीरममध्ये टीजीएफ-बीटा असतोच, बराचसा सुप्त अवस्थेत, आणि पेशी स्वतःही तो स्रवतात. रात्रभर सीरमविना किंवा अगदी कमी सीरममध्ये पेशी ठेवा आणि एका ताटलीत १० मायक्रोमोलर एसबी-४३१५४२ घाला. त्या ताटलीत पार्श्वभूमीची पट्टी गेली तर ती रिसेप्टरमुळेच होती. हा रेणू ॲक्टिव्हिनचा रिसेप्टरही रोखतो, तेव्हा ‘टीजीएफ-बीटाच’ असे त्यावरून म्हणू नका. टीजीएफ-बीटा प्लास्टिकला चिकटतो. पातळ द्रावण अल्ब्युमिनशिवाय ठेवले असेल तर ५ नॅनोग्रॅम लिहिलेले असते, पण पेशीपर्यंत किती पोचले ते सांगता येत नाही.

थेट तुलना पुरेशी नाही. बीएक्सपीसी-३ मध्ये क्रास सदोष नाही, त्यामुळे दोन सेल लाइनमधला कोणताही फरक स्मॅड४ च्या माथी मारता येणार नाही. सुदैवाने तिच्यात बीराफ सदोष असल्याने एमएपी कायनेज जागाच असतो, म्हणजे आरआरईबी१ ची वाट बंद नसावी. बीएक्सपीसी-३ मध्येच स्मॅड४ परत घाला, तेही डॉक्सिसायक्लिनने चालू-बंद करता येईल असे, आणि त्याची पातळी पॅन्क-१ एवढीच ठेवा. नेहमीपेक्षा फार जास्त स्मॅड४ स्वतःच पेशींना त्रास देते आणि तो त्रास टीजीएफ-बीटाचा परिणाम वाटतो. मग चार ताटल्या होतील: स्मॅड४ आहे आणि नाही, टीजीएफ-बीटा दिला आणि नाही. प्रत्येकीत स्नेल, केएलएफ५, सॉक्स४ आणि तुटलेले कॅस्पेज-३ पाहा. पेशी नुसत्या मोजू नका, कारण थांबलेली पेशी आणि मेलेली पेशी संख्येत सारखीच दिसते.

काचपट्टी

प्रथमेशच्या शंकेला माझ्या बाजूने एक जोड. जॉन्स हॉपकिन्समध्येच मृत्यूनंतर लगेच केलेल्या शवविच्छेदनांचा ७६ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला. त्यांतले सुमारे ३० टक्के स्थानिक पातळीवर पोखरणाऱ्या रोगाने गेले आणि ७० टक्के दूरवर पसरलेल्या रोगाने. स्मॅड४ चा अभाव दूरवरच्या फैलावाशी जोडलेला आढळला. म्हणजे स्मॅड४ उरलेल्या गाठी निरुपद्रवी नसतात, त्या जागच्या जागी मारतात. मात्र फैलाव जास्त होतो म्हणून स्मॅड४ वरून उपचार ठरवावेत, शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार कोणाला द्यावेत हे त्यावरून पाहावे, हा विचार अजून रोजच्या निर्णयांत उतरलेला नाही, कारण सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एका बाजूला पडलेले नाहीत.

प्रथमेश_ल

याने माझी शंका उलट वाढते. सुधन्वा यांच्या साखळीत ईएमटी पेशीला मारते, आणि ज्या गाठी दूर पसरतात त्यांत स्मॅड४ नसते, म्हणजे स्नेलमार्फत होणारी ईएमटीही नसायला हवी. मग त्या पेशी पसरतात कशा? अस्तरपेशीचे रूप न टाकता, गटागटाने सुटून? तसे असेल तर अन्वयाने चार ताटल्यांसोबत पेशी जाळीतून आरपार जाण्याची चाचणीही लावावी आणि आरपार गेलेल्या पेशींत ई-कॅडहेरिन शिल्लक आहे का ते पाहावे.

अन्वया_क

लावते. पी१५ चा पीसीआर आणि पॅन्क-१ मधली केएलएफ५ ची पातळी आधी पाहणार आहे, कारण ते दोन्ही याच आठवड्यात जमेल. स्मॅड४ परत घातलेली सेल लाइन तयार व्हायला वेळ लागेल. ती हाती आली की निकाल याच धाग्यावर टाकते.